भडंग, एनर्जी बार आणि एक क्रिकेटपटू

*प्रश्न: एमबीएच्या शेवटच्या सत्राला आहे, सातारा. प्रकल्पाचा विषय सेलिब्रिटी जाहिराती आणि मॅच-अप हायपोथेसिस. टीव्हीवरच्या आठ जाहिराती निवडून ५० जणांना दाखवणार आहे. गाईड म्हणतात नमुना लहान आहे. एवढ्यावर गृहीतक तपासता येईल का?*

लोकांची संख्या ही तुमची दुसरी अडचण आहे. पहिली अडचण जाहिराती टीव्हीवरून उचलण्यात आहे. मी सांगलीतल्या एका महाविद्यालयात विपणन शिकवतो आणि जवळजवळ दरवर्षी या विषयावरचा एखादा प्रकल्प माझ्या टेबलावर येतो. त्यांतले बरेचसे नेमके इथेच फसतात. समजा, तुमच्या आठांपैकी एका जाहिरातीत क्रिकेटपटू बूट विकतो आहे आणि दुसरीत अभिनेत्री छताचा पंखा, आणि पाहणाऱ्यांना पहिली अधिक पटली. हे क्रिकेटपटू आणि बूट यांच्या जुळणीमुळे झाले, की बुटांची कंपनी आधीपासूनच लोकांच्या ओळखीची होती म्हणून, की ती जाहिरात सामन्यांच्या मध्ये शंभर वेळा दिसली होती म्हणून, की तो खेळाडूच लोकांचा लाडका आहे म्हणून, हे तुम्हाला कधीच वेगळे करता येणार नाही. प्रत्येक चेहरा एकाच वस्तूबरोबर दिसत असल्यामुळे पन्नासाऐवजी पाच हजार माणसे घेतली तरी हा गुंता तसाच राहील.

गृहीतकाचे म्हणणे नीट पाहिले की मार्ग सापडतो. प्रसिद्ध चेहरा घेतला की माल खपतो, एवढेच ते म्हणत नाही. तोच चेहरा एका वस्तूला उपयोगी पडेल आणि दुसरीला पडणार नाही, कारण पहिल्या वस्तूशी त्याचा काही संबंध लोकांना जाणवतो, असे त्याचे म्हणणे आहे. म्हणून तेच दोन चेहरे त्याच दोन वस्तूंबरोबर फिरवून पाहावे लागतात. मायकेल कॅमिन्स यांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हेच केले होते. देखणा म्हणून अमेरिकी नट टॉम सेलेक, देखणा न मानला जाणारा म्हणून टेली सावालास, आणि वस्तू दोन: एक आलिशान मोटारगाडी आणि एक घरगुती संगणक. गाडीच्या जाहिरातीत देखण्या नटामुळे सांगणाऱ्याची विश्वासार्हता आणि जाहिरातीविषयीचे मत ही दोन्ही मोजमापे सुधारली. संगणकाच्या जाहिरातीत देखणेपणाने फरक पडला नाही. पुढे २००० साली टिल आणि बसलर यांनी देखणेपणाऐवजी जाणकारी हा जुळणीचा पाया धरला आणि काल्पनिक खेळाडू व काल्पनिक नट यांना एनर्जी बार व कँडी बार यांच्याबरोबर दाखवले. खेळाडू एनर्जी बारला अधिक शोभला, तसे ब्रँडविषयीच्या मतात दिसलेही. खरेदीच्या इराद्यात मात्र दिसले नाही. ही शेवटची गोष्ट लक्षात असू द्या, तिच्याकडे मी परत येणार आहे.

तेव्हा तुम्ही आठ तयार जाहिराती सोडून चार जाहिराती स्वतः बनवा. आमच्याकडे एका गटाने टिल-बसलर यांचा आराखडा आपल्या भागात आणून बसवला होता, तोच सविस्तर सांगतो. कँडी बारच्या जागी त्यांनी भडंग घेतले, कारण सांगलीत भडंग कोणाला समजावून सांगावे लागत नाही आणि ते खाण्याशी कोणत्याही पेशाचा विशेष संबंध नाही. दुसरी वस्तू गूळ-शेंगदाण्याचा एनर्जी बार. दोन्ही पाकिटांवर एकच बनावट, अर्थहीन, तीन अक्षरी नाव छापले, म्हणजे आधीपासूनची आवडनिवड मध्ये येणार नाही. चेहरे दोन: एक खेळाडू आणि एक मालिकांतला विनोदी नट.

खेळाडू म्हणून मुलांनी पहिल्यांदा एक नामांकित पैलवान निवडला होता, आणि या मातीत ते साहजिकच होते. मुख्य चाचणीआधी वीस-पंचवीस जणांना नुसती छायाचित्रे दाखवून मी दोनच प्रश्न विचारायला लावले: हे कोण आहेत, आणि या वस्तूविषयी यांनी सांगितले तर ते तुम्हाला कितपत शोभते? तालमीत जाणाऱ्या मुलांनी पैलवानाला ओळखले, वर्गातल्या बहुतेक मुलींनी ओळखले नाही. नट मात्र सगळ्यांच्या ओळखीचा निघाला. अशा स्थितीत चाचणी जुळणीची राहत नाही, ओळखीची होऊन बसते. शिवाय एका मुलाने लिहिले होते, ‘पैलवानाच्या पुढ्यात भडंग ठेवलं तर तो काय नको म्हणणार आहे?’ म्हणजे आमच्या मते जी जोडी विजोड होती ती त्याला मुळीच विजोड वाटत नव्हती. पैलवान गेला आणि नटाच्याच वयाचा एक निवृत्त क्रिकेटपटू आला. जुळणी संशोधकाने घरी बसून ठरवायची नसते, ती पाहणाऱ्याकडून मोजून घ्यायची असते, हे मी वर्गात तोंडाने अनेकदा सांगितले होते. त्या मुलांना ते त्या एका वाक्याने पटले.

दुसरी चूक माझ्याही नजरेतून सुटली होती. पहिल्या छपाईत क्रिकेटपटू संघाच्या जर्सीत, हातात बॅट घेऊन स्वच्छ प्रकाशात उभा होता, आणि नटाचे चित्र मालिकेच्या दृश्यातून पडद्यावरून टिपलेले, थोडे धूसर. जर्सी स्वतःच ‘खेळ, ताकद’ असे बोलते आणि धूसर चित्र जाहिरात हलकी वाटायला लावते. दोघांचीही साध्या पांढऱ्या शर्टातली, छातीपर्यंतची, सारख्या आकाराची चित्रे शोधून, मागे तीच राखाडी पार्श्वभूमी, तेच पाकीट, तेच एक वाक्य असे सारे पुन्हा छापावे लागले. चार पाने एकमेकांवर ठेवून उजेडाकडे धरा; चेहरा आणि पाकीट यांखेरीज काही हललेले दिसले, तर ते दुरुस्त करा.

प्रत्येक माणसाने चारांपैकी एकच जाहिरात पाहायची. दोन दाखवल्या की तो तुलना करू लागतो आणि तुम्हाला काय हवे आहे हे ओळखून तसे उत्तर देतो. कोणाला कोणते पान जाईल हे पत्ते पिसल्यासारखे पाने पिसून ठरवा. सोमवारी वाणिज्य शाखेला क्रिकेटपटू आणि मंगळवारी विज्ञान शाखेला नट, अशी वाटणी केलीत तर तुम्ही शाखांची तुलना करून बसाल.

जाहिरातीतल्या माणसाविषयीचे मत मोजायला ओहानियन यांची १९९० सालची श्रेणी वापरतात. तिच्यात विरुद्धार्थी विशेषणांच्या पंधरा जोड्या आहेत: आकर्षकता, विश्वासार्हता आणि तज्ज्ञता यांच्या प्रत्येकी पाच. मराठीत आणताना ‘तज्ज्ञ’ हा शब्द जसाच्या तसा ठेवू नका. क्रिकेटपटू तज्ज्ञ आहे का असे विचारले, तर लोक त्याच्या फलंदाजीला गुण देतात. ‘या वस्तूविषयी सांगण्याइतके यांना कळते’ असे लिहिले की उत्तर वस्तूवर येते.

आता आकडे. पुढचे आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. समजा, ब्रँडविषयीचे मत १ ते ७ मध्ये मोजले आणि एनर्जी बारच्या जाहिरातीत क्रिकेटपटूला सरासरी ५.२, नटाला ४.१ मिळाले, भडंगाच्या जाहिरातीत क्रिकेटपटूला ४.५ आणि नटाला ४.६. बारमध्ये क्रिकेटपटू १.१ ने पुढे, भडंगात ०.१ ने मागे. या दोन फरकांतला फरक १.२ झाला. जुळणीचा पुरावा फक्त या आकड्यात आहे. याउलट बारमध्ये ५.२ आणि ४.६, भडंगात ५.१ आणि ४.४ असे आले असते, तर फरकांतला फरक जेमतेम ०.१ उरला असता. तेव्हा क्रिकेटपटू लोकांना दोन्हीकडे जास्त आवडतो एवढेच कळले असते. विद्यार्थी अशा वेळी ‘क्रिकेटपटूच्या जाहिराती प्रभावी ठरल्या, गृहीतक सिद्ध’ असे लिहून मोकळे होतात, आणि तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न तिथेच येतो.

तुमच्या गाईडांचा मुद्दा इथे लागू पडतो. सात गुणांच्या श्रेणीवर उत्तरांचे प्रमाण विचलन साधारण १.३ धरले आणि प्रत्येक जाहिरातीला ३० माणसे, म्हणजे एकूण १२०, घेतली, तर फरकांतल्या फरकाची प्रमाण त्रुटी १.३ गुणिले ३०/४ च्या व्यस्ताचे वर्गमूळ, म्हणजे जवळपास ०.४७ येते. त्याच्या सुमारे दुप्पट, म्हणजे ०.९५ च्या आसपास अंतर असेल तरच ते योगायोगापासून वेगळे ओळखता येईल. माणसे दुप्पट करून २४० घेतली, तरी ही मर्यादा ०.६७ पर्यंतच उतरते. तुमच्या पन्नासात प्रत्येक जाहिरातीला बाराच माणसे येतात आणि मर्यादा दीडवर जाते. एवढा मोठा परिणाम कागदी जाहिरातीत क्वचितच मिळतो. म्हणून १२० च्या खाली जाऊ नका, आणि फरक दिसला नाही तर ‘जुळणीचा परिणाम नसतो’ असे न लिहिता ‘०.९५ पेक्षा लहान परिणाम या नमुन्यात खात्रीने ओळखता आला नसता’ असे लिहा. त्या गटाला ब्रँडविषयीच्या मतात अपेक्षित दिशेचा फरक मिळाला, पण तो या मर्यादेच्या अलीकडे होता, आणि त्यांनी तसेच नोंदवले.

खरेदीच्या इराद्यात त्यांना काहीच मिळाले नाही आणि मुले खट्टू झाली. टिल-बसलर यांच्याकडेही ते मिळाले नव्हते. दहा-वीस रुपयांचे पाकीट घ्यायचे की नाही हे भूक, दुकान आणि सवय ठरवतात. अनोळखी नावाचे एक पान एकदा पाहून ते हलावे अशी अपेक्षा फार झाली. इरादा जरूर विचारा, पण प्रकल्पाचा सारा भार त्याच्यावर टाकू नका.

आणखी एक प्रश्न घाला, तोही योग्य जागी: जाहिरात बाजूला ठेवल्यावर, गुण देण्याआधी, ‘पाकिटावरचे नाव काय होते?’ आमच्याकडे क्रिकेटपटूचे नाव जवळजवळ सर्वांनी लिहिले, आणि ब्रँडच्या जागी बऱ्याच जणांनी रेघ ओढली. चेहरा वस्तूला खाऊन टाकतो तो असा. एका कागदावर तर ब्रँडच्या रकान्यातही क्रिकेटपटूचेच नाव होते. अशा उत्तरदात्यांनी ‘ब्रँडला’ दिलेले गुण खरे तर माणसाला दिलेले असतात, म्हणून ते वेगळे काढून गणित एकदा त्यांच्यासह आणि एकदा त्यांच्याशिवाय करा. शेवटी सर्वांना जाहिरात बनावट होती हे सांगा आणि पाने मोजून परत घ्या. आमचे एक पान दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर खऱ्या जाहिरातीसारखे फिरत होते.