दवाखान्याच्या रांगेत सहा वर्षांच्या मुलीला शांत कसे गुंतवावे?

प्रश्न: "दर महिन्याला सासूबाईंच्या औषधासाठी तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात जावे लागते. सहा वर्षांची मुलगी सोबत असते. मोबाइल द्यायचा नाही, आणि तिचा आवाजही होऊ नये. काय करावे?"

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवते आणि माझ्या मुलालाही अशाच रांगांत घेऊन उभी राहिलेली आहे. खेळ निवडताना मी एकच कसोटी लावते: खिडकीवरून नाव पुकारले गेले, की तो त्याच क्षणी थांबवता आला पाहिजे आणि नंतर तिथूनच पुढे सुरू करता आला पाहिजे. या कसोटीवर सागरगोटे आणि गोट्या लगेच बाद होतात. ते बाकाखाली घरंगळतात, आणि दवाखान्याच्या फरशीवर मुलांनी हात फिरवू नयेत हे वेगळेच.

केसपेपरच्या खिडकीपाशी उभे राहावे लागते, तेव्हा कागदाचा खेळ जमत नाही. तिथे समोर दिसणारी एक वस्तू मनात धरावी आणि मुलीने कुजबुजत प्रश्न विचारून ती ओळखावी. तुम्ही फक्त मान हलवून 'हो' किंवा 'नाही' सांगायचे. सहा वर्षांचे मूल सुरुवातीला "घड्याळ आहे का? पंखा आहे का?" असे एकेक नाव घेत सुटते आणि कंटाळते. म्हणून तिला आधी "भिंतीवर आहे का?" असा, निम्म्या वस्तू गाळून टाकणारा प्रश्न शिकवावा. सोळा वस्तूंपैकी प्रत्येक वेळी निम्म्या गळाल्या, तर चार प्रश्नांत एकच वस्तू उरते, आणि ही गंमत एकदा लक्षात आली की मुले स्वतःहून विचार करून, हळू आवाजात विचारू लागतात. माणूस मात्र मनात धरू नये. नाहीतर "त्या काकांच्या पायाला पट्टी आहे, तेच का?" असा प्रश्न सगळ्या रांगेला ऐकू जातो.

खरा वेळ जातो तो डॉक्टरांच्या खोलीबाहेरच्या बाकावर. तिथे मी ठिपके जोडून चौकोन करण्याचा खेळ सुचवीन. फुली-गोळा टाळावा, कारण दोघांनीही नीट खेळल्यास तो नेहमी बरोबरीत सुटतो आणि चलाख मुलीच्या ते लवकर लक्षात येते. चौकोनांसाठी जाड पुठ्ठ्याची छोटी वही घ्यावी, म्हणजे मांडीवर लिहिता येते, आणि पेन्सिल दोऱ्याने वहीलाच बांधावी.

आधी तीन ओळींत तीन-तीन ठिपके काढा. त्यांत चार चौकोन आणि बारा रेषा होतात. आळीपाळीने शेजारच्या दोन ठिपक्यांमध्ये एक रेषा काढायची. चौकोनाची चौथी बाजू जो पूर्ण करील, त्याने त्यात आपल्या नावाचे पहिले अक्षर लिहायचे आणि लगेच आणखी एक रेषा काढायची. पहिल्या एक-दोन डावांत मुलगी चौकोनाची तिसरी बाजू बिनधास्त काढील आणि तो चौकोन तुम्हाला मिळेल. तेव्हा तो घ्यावा, पण रेषा काढताना "आता याच्या किती बाजू झाल्या?" एवढेच विचारावे. उत्तर सांगून टाकू नये, कारण तिसरी बाजू काढणे टाळायचे हे तिने स्वतः शोधून काढण्यातच खेळाची खरी मजा आहे. ते जमले, की चार ओळींत चार-चार ठिपके घ्यावेत. त्यांत नऊ चौकोन आणि चोवीस रेषा असल्याने डाव बराच वेळ चालतो, आणि चौकोनांची संख्या विषम असल्यामुळे कोणीतरी जिंकतेच. डाव चालू असतानाच सासूबाईंचा नंबर आला, तर पुढची पाळी ज्याची, त्याचे अक्षर कोपऱ्यात लिहून वही मिटावी. परत आल्यावर भांडण होत नाही. मुलगी न बघता वाटेल तिथे रेषा मारू लागली, तर ती थकली असे समजावे आणि हरण्या-जिंकण्याशिवाय वहीवर नुसते रांगोळीचे ठिपके जोडू द्यावेत.

औषधाच्या खिडकीवर वही पिशवीत ठेवावी. तिथे तुमचे लक्ष कोणती गोळी किती वेळा घ्यायची याकडे हवे, म्हणून मुलीला खेळाऐवजी केसपेपर धरण्याचे काम द्यावे. गोळ्यांची पाकिटे तिच्या हाती नकोत. वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात, दुपार होत आल्यावर, कोणताच खेळ पुरत नाही. अशा वेळी मागच्या बाईंना "माझा नंबर धरा, आलेच" असे सांगून मुलीला सावलीत एक चक्कर मारून आणावी आणि हात धुऊन घरून आणलेले पाणी व खाऊ द्यावा.