जॉइनिंगच्या मेलमध्ये वेळ नीट टाक

ऑफिस साडेनऊला सुरू होतं म्हणून मेलमध्ये साडेनऊच टाकू नकोस, तेव्हा गेटवर गर्दी असते, नव्या माणसाकडे कार्ड नसतं आणि तो रिसेप्शनला ताटकळत बसतो. 'सोमवारी सकाळी १०:१५, मेन गेट' असं स्पष्ट लिही. कॉन्टॅक्टमध्ये एकट्या मॅनेजरचा नंबर नको, तो नेमका मीटिंगमध्ये असतो, त्या दिवशी खरंच जागेवर असेल अशा कुणाचा तरी मोबाईल दे आणि सिक्युरिटीला नाव आदल्या दिवशीच कळव. 'आवश्यक कागदपत्रं' एवढंच लिहिलंस की लोक अख्खी फाईल उचलून आणतात नाहीतर हात हलवत येतात, त्यामुळे नावानिशी सांग, फोटो असलेलं ओरिजिनल ओळखपत्र, बँकेचे डिटेल्स, आधीच्या कंपनीचं रिलीव्हिंग लेटर. लॅपटॉप आपण देणार असू तर तेही टाक, नाहीतर बिचारा स्वतःचा घेऊन येतो आणि गेटवरच अडकतो.