हातचा नेमका कुठे अडला?

*सर, मी डिचोलीची. डिप्लोमा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रॅक्टिकलला दोन हाफ ॲडर जोडून फुल ॲडर केला. आठपैकी सात ओळी बरोबर आल्या. A=0, B=1, Cin=1 ला मात्र Sum बरोबर येतो आणि Carry चा एलईडी पेटत नाही. 7408 बदलून बघितला, तरी तेच. शिवाय लेखी परीक्षेत मी Carry साठी AB+BC+CA लिहिलं, के-मॅपने तेच येतं, तरी गुण कापले. बाबा म्हणतात, हे जमत नसेल तर कॉम्प्युटर शाखा घे. घेऊ का?*

आधी तुझी वायर शोधू, मग शाखेचं बोलू.

तुझ्या बोर्डवर 7408 च्या दुसऱ्या अँड गेटला, म्हणजे 4 नंबरच्या पिनला, A जोडलेला असावा. तिथे A नको, पहिल्या एक्सऑरचं आउटपुट हवं, म्हणजे 7486 च्या 3 नंबरच्या पिनवरून आलेली वायर. A ची वायर 7408 च्या 1 नंबरवर आलेलीच असते, तिथून ती दोन-तीन भोकं पुढे नेली जाते आणि चूक होते. वर्गात ही चूक मी पुष्कळदा बघितली आहे.

बोर्ड न बघता हे मी कशावरून म्हणतो, ते सांगतो. बेरजेत तीन आकडे कोणत्याही क्रमाने घेतले तरी उत्तर तेच येतं. म्हणजे A=0, B=1, Cin=1 या ओळीचं उत्तर A=1, B=0, Cin=1 या ओळीसारखंच यायला हवं. तुझ्याकडे दुसरी ओळ बरोबर येते आणि पहिली चुकते. म्हणजे सर्किट A आणि B मध्ये भेद करतंय. दुसऱ्या अँडचं आउटपुट तुटलेलं असतं आणि ऑरला तिथून 0 मिळत असता, तर या दोन्ही ओळी चुकल्या असत्या. 74LS मालिकेत मोकळी सोडलेली इनपुट पिन 1 असल्यासारखी वागते. त्यामुळे 4 नंबरची पिन नुसती लोंबकळत असती, तर A=0, B=0, Cin=1 या ओळीत उगाच Carry पेटला असता. तसं झालेलं नाही. मधल्या वायरच्या जागी A धरला, तर Carry होतो AB + A·Cin. तो आठही ओळींत मांडून बघ, नेमकी तुझीच एक ओळ चुकेल. पावसाळ्यात आपल्याकडे ब्रेडबोर्डचे क्लिप गंजतात आणि एलईडी कधी पेटतो, कधी नाही. तो दोष बोटाने वायर दाबली की बदलतो. तुझा दोष प्रत्येक वेळी त्याच ओळीत येतो, म्हणून तो गंजाचा नाही, जोडणीचा आहे. आयसी बदलून तो जाणारच नव्हता.

आता गुण का कापले, ते बघू. त्यासाठी प्राथमिक शाळेतली उभी बेरीज आठव. एककाच्या घरात फक्त दोन आकडे असतात, तिथे हातचा आलेला नसतो. ते काम हाफ ॲडरचं: बेरीज A⊕B, हातचा AB. पुढच्या प्रत्येक घरात वरचा आकडा, खालचा आकडा आणि मागून आलेला हातचा असे तीन असतात, आणि तिथे फुल ॲडर लागतो. तीन आकडे एकदम मिळवायला आपल्यालाही जमत नाही. आधी दोन मिळवतो, मग आलेल्या उत्तरात हातचा मिळवतो. दोन हाफ ॲडर म्हणजे याच दोन पायऱ्या.

हेच ट्रुथ टेबलवरून काढू. लिहायला सोपं म्हणून Cin ला C म्हणू. Sum चा 1 चार ओळींत येतो, जिथे एक किंवा तीन इनपुट 1 आहेत:

```
S = A'B'C + A'BC' + AB'C' + ABC
  = C'(A'B + AB') + C(A'B' + AB)
  = C'(A⊕B) + C(A⊕B)'
  = (A⊕B) ⊕ C
```

तिसऱ्या ओळीत मुलं अडखळतात. A'B' + AB म्हणजे दोन्ही सारखे. A⊕B म्हणजे दोन्ही वेगळे. एक दुसऱ्याचं उलट आहे, म्हणूनच तिथे (A⊕B)' लिहिता येतं. तसं लिहिलं की पूर्ण राशी पुन्हा एक्सऑरच्या आकारात बसते, फक्त A च्या जागी A⊕B आणि B च्या जागी C. पहिल्या हाफ ॲडरचं Sum दुसऱ्याच्या इनपुटला जातं, ते इथून.

Carry चा 1 येतो जिथे निदान दोन इनपुट 1 आहेत:

```
Cout = A'BC + AB'C + ABC' + ABC
     = C(A'B + AB') + AB(C' + C)
     = AB + C(A⊕B)
```

AB हा पहिल्या हाफ ॲडरचा हातचा, C(A⊕B) हा दुसऱ्याचा. दोन्ही ऑरला दिले की झालं. तुझी चुकलेली ओळ यात घालून बघ. A=0, B=1, म्हणून A⊕B=1 आणि AB=0. C=1, म्हणून दुसऱ्या अँडला 1 आणि 1 मिळतात आणि Carry 1 होतो. तुझ्या बोर्डवर तिथे A चा 0 जात होता.

तुझं AB+BC+CA चुकीचं नाही. C(A⊕B) च्या जागी C(A+B) लिहिलं तर फरक फक्त A आणि B दोन्ही 1 असताना पडेल, आणि त्या वेळी AB आधीच 1 असतो. म्हणजे उत्तर बदलत नाही, आणि C(A+B) सोडवलं की तुझंच BC+CA मिळतं. पण प्रश्नात ‘दोन हाफ ॲडर वापरून’ असं असेल, तर हाफ ॲडरमधून A+B बाहेर येत नाही, A⊕B येतो. मग तुझ्या राशीसाठी वेगळे गेट लावावे लागतात. दोन एक्सऑर, तीन अँड, आणि तीन इनपुटचा ऑर, जो 7432 मधले दोन ऑर जोडूनच होतो: एकूण सात गेट. दोन हाफ ॲडरच्या रीतीत पाच. तपासणाऱ्याने गुण यासाठी कापले असावेत. पेपर दाखवतील तेव्हा दोन्ही राशी एकच कशा, ते चार ओळींत लिहून दाखव आणि विचार. पुढच्या वेळी के-मॅपच्या उत्तरावर न थांबता A⊕B च्या आकारापर्यंत ये.

यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट शेवटच्या ऑरमध्ये आहे. त्या ऑरच्या दोन्ही इनपुटवर एकाच वेळी 1 कधीच येत नाही. पहिला हातचा निघाला, म्हणजे A आणि B दोन्ही 1, म्हणजे A⊕B शून्य, म्हणजे दुसरा हातचा निघूच शकत नाही. अंकांनीही हेच दिसतं: तीन बिटांची मोठ्यात मोठी बेरीज 3, बायनरीत 11, म्हणजे हातचा एकच. दोन हातचे निघाले असते तर बेरीज निदान 4 झाली असती. ऑर आणि एक्सऑर फक्त 1,1 ला वेगळं वागतात, आणि इथे 1,1 येतच नाही. म्हणून ऑरच्या जागी एक्सऑर चालतो. 7486 मध्ये चार एक्सऑर असतात, तुझे दोन वापरलेले आहेत, तिसरा मोकळा आहे. 7432 काढून टाक आणि दोन्ही हातचे 7486 च्या 9 आणि 10 नंबरवर दे, Carry 8 नंबरवर मिळेल. तीनऐवजी दोन आयसींत फुल ॲडर होतो. मात्र वायर दुरुस्त केल्याशिवाय हे करू नकोस. तुझ्या आत्ताच्या जोडणीत A, B, C तिन्ही 1 असताना AB ही 1 आणि A·C ही 1 होतो. ऑर ते पचवतो, एक्सऑर तिथे 0 देईल आणि सातऐवजी सहाच ओळी बरोबर येतील.

ही बचत एका बिटापुरतीच आहे, हेही ध्यानात ठेव. चार बिटांना ऑर वापरलास तर आठ एक्सऑर, आठ अँड, चार ऑर लागतात: दोन 7486, दोन 7408, एक 7432. सगळीकडे एक्सऑर वापरलास तर तीन 7486 आणि दोन 7408. दोन्हीकडे आयसी पाचच.

शाखेबद्दल आता. ॲडर टाळायचा म्हणून कॉम्प्युटरला जाण्यात अर्थ नाही. डिजिटलचा विषय तिथेही असतो आणि हाच फुल ॲडर तिथेही काढावा लागतो. बाबांना हे स्पष्ट सांग. तुला प्रोग्रॅम लिहिण्यात जास्त रस असेल तर ते शाखा बदलायचं खरं कारण ठरेल, पण तुझ्या पत्रात तसं कुठे नाही. तुझ्या पत्रात ओळ कोणती चुकते, Sum बरोबर की चूक, आयसी बदलल्यावर काय झालं, हे तिन्ही नेमकं लिहिलंय. तेवढ्यावरूनच मला वायर सापडली. नुसतं ‘सर, सर्किट चालत नाही’ लिहिलं असतंस तर काही कळलं नसतं. बोर्ड तपासणीच्या कामात रोज हेच करावं लागतं, आणि वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत डिप्लोमा घेऊन जाणाऱ्या मुलांना आधी बहुधा तसंच काम मिळतं. पुढे डिग्रीला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेतलास, तर चिप डिझाइनमध्येही तपासणीचा मोठा भाग याच धाटणीचा असतो. माझं मत विचारशील तर हे वर्ष इलेक्ट्रॉनिक्समध्येच पूर्ण कर. त्या एका ओळीने तुला कंटाळा आणला की झोप उडवली, हे तुझं तुला माहीत. कंटाळाच आला असेल तर वर्ष संपल्यावर पुन्हा लिही, तेव्हा वेगळा विचार करू.

तोवर हे करून बघ. वायर बदल, आठही ओळी पुन्हा घे, आणि पहिली ओळ 011 ची घे. ती जमली की मैत्रिणीचा बोर्ड शेजारी ठेव आणि तुझा Cout तिच्या Cin ला जोड, दोन बोर्डांचं ग्राउंड एक करायला विसरू नकोस. तुझ्या बोर्डचा Cin ग्राउंडला बांध, मोकळा ठेवलास तर प्रत्येक बेरीज एकाने जास्त येईल. मग 11 आणि 01 मिळव. दोन्ही Sum विझलेले आणि तिच्या बोर्डचा Carry पेटलेला दिसला, तर हातचा दोन्ही घरं ओलांडून गेला.