ग्लुकोज, फ्रुक्टोज आणि मॅनोज बेसमध्ये एकमेकांत बदलतात, म्हणूनच तिघांचं ओसाझोन एकच येतं का?

नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या दोन वेगळ्या नळ्यांत होतात. फक्त दोन्हींच्या मागचं कारण एकच आहे, त्यामुळे गोंधळ होतो. मी रत्नागिरीत बीएस्सीची प्रॅक्टिकल्स घेते आणि दर वर्षी अर्ध्या जर्नल्समध्ये हेच वाक्य लिहिलेलं येतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी तिन्ही साखरा उभ्या साखळीत काढा. कार्बन ३ पासून ६ पर्यंत पेन्सिलीनं झाकून बघा, झाकलेला भाग तिघांत हुबेहूब सारखा आहे, ३ वर OH डावीकडे, ४ आणि ५ वर उजवीकडे. सगळी भानगड वरच्या दोन कार्बनांत. ग्लुकोजमध्ये वर आल्डिहाइड आणि २ वरचा OH उजवीकडे, मॅनोजमध्ये तोच OH डावीकडे, आणि फ्रुक्टोजमध्ये C=O च २ वर सरकलाय नि १ वर साधा CH₂OH आहे.

आता बेस. ग्लुकोजच्या २ नंबर कार्बनवरचा H हा C=O च्या शेजारचा, म्हणून तो बेसला काढता येतो (साखर बहुतेक वेळ रिंगमध्येच असते, उघडी साखळी हजारात एकसुद्धा नसते, पण जेवढी उघडते तेवढ्यावर काम चालतं). तो H गेला की १ आणि २ मध्ये डबल बाँड येतो आणि दोघांवर एकेक OH, हाच ईनडायॉल. इथे २ नंबर कार्बन सपाट झाला, त्याचा OH आता ना उजवीकडे ना डावीकडे, म्हणजे आधी ग्लुकोज होता की मॅनोज याची खूणच त्याच्यावर उरत नाही. H परत येताना २ वर एका बाजूनं बसला तर ग्लुकोज, दुसऱ्या बाजूनं बसला तर मॅनोज, आणि २ वर न बसता १ वर बसला तर C=O २ वर तयार होतो, म्हणजे फ्रुक्टोज. फ्रुक्टोजपासून सुरू केलं तर १ वरचा H निघतो आणि त्याच ईनडायॉलवर येतो. हे १८९५ च्या सुमारास लोब्री द ब्रॉइन आणि आल्बर्डा व्हान एकेनस्टाइन या दोघांनी दाखवलं, त्यांच्याच नावानं ही रिअ‍ॅक्शन ओळखतात.

तिघं एकमेकांत बदलतात म्हणजे समसमान होतात असं मात्र नाही. चुन्याच्या निवळीत ३५ अंशाला ग्लुकोज पाचेक दिवस ठेवला तर साधारण ६३ टक्के ग्लुकोजच राहतो, ३१ च्या आसपास फ्रुक्टोज होतो आणि मॅनोज जेमतेम अडीच टक्के. आमच्याकडे मे महिन्यात लॅबचं तापमान तसंही तेवढंच असतं, त्यामुळे मी बाटली घट्ट बूच लावून तशीच टेबलावर ठेवते (बूच सैल राहिलं तर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडनं निवळी पांढरी होते आणि बेस संपत जातो). पहिल्या दिवशी थोडं काढून आम्लानं न्यूट्रल करून सेलिव्हनॉफ टेस्ट केली तर एक-दोन मिनिटांत काहीच रंग येत नाही, आणि पाचव्या दिवशी त्याच बाटलीतल्या पाण्याला चटकन चेरीसारखा लाल येतो. फ्रुक्टोज बाहेरून कोणी घातलेला नाही, तो आतच तयार झालाय. हे बघितल्यावर मुलांना पटतं. घाई म्हणून जास्त सोडा घालून उकळू नका, मग ईनडायॉल २ आणि ३ मध्येही सरकतो, साखळी तुटते आणि हातात नुसतं तपकिरी पाणी राहतं.

आता ओसाझोन. यात फिनाइलहायड्राझिन हायड्रोक्लोराइड, सोडियम अ‍ॅसिटेट आणि वर अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडचे थेंब असतात, म्हणजे नळी आम्लधर्मी आहे. बेस नाहीच, मग साखरेचं वरचं अदलाबदलीचं काम इथे कुठून होणार? इथे साखरेच्या एका रेणूला फिनाइलहायड्राझिनचे तीन रेणू लागतात. दोन साखरेला चिकटून राहतात, एक १ वर आणि एक २ वर, आणि एक मोडून अ‍ॅनिलिन नि अमोनिया होतो, त्याच्या बदल्यात साखरेचा एक OH ऑक्सिडाइज होतो. हिशेब असा:

C₆H₁₂O₆ + 3 C₆H₅NHNH₂ → C₁₈H₂₂N₄O₄ + C₆H₅NH₂ + NH₃ + 2 H₂O

ग्लुकोज नि मॅनोजमध्ये २ वरचा OH जातो, फ्रुक्टोजमध्ये १ वरचा. शेवटी तिघांतही १ आणि २ दोन्हींवर C=N, म्हणजे ज्या दोन कार्बनांत फरक होता तेच दोन एकसारखे झाले, आणि खालचा भाग आधीपासूनच सारखा. मग पदार्थ वेगळा राहायला जागाच कुठे उरली? (मधे एक ईनडायॉलसारखी पायरी येते हे खरं, पण ती हायड्राझोन तयार झाल्यानंतर त्या हायड्राझोनची येते, मोकळ्या साखरेची नाही.) रिअ‍ॅक्शन ३ वर पुढे जात नाही, कारण १ आणि २ वरचे दोन गट आपसात हायड्रोजन बाँडनं रिंगसारखे बांधले जातात. याचा पुरावा म्हणजे N वर मिथाइल असलेलं फिनाइलहायड्राझिन घेतलं की हे बांधणं होत नाही आणि रिअ‍ॅक्शन साखळीत पुढे सरकत जाते.

एमिल फिशरनं ओसाझोन १८८४ मध्ये काढलं आणि याच उलट्या वाटेनं विचार केला, की ओसाझोन एक आहे तर ३ पासून खाली तिन्ही साखरा एकच असणार. गॅलॅक्टोज ४ वर वेगळा आहे, त्याचं ओसाझोनही वेगळंच येतं.

आता चूक कुठे होते ते सांगते. एका मुलानं प्रोजेक्टला काजूच्या बोंडूचा रस घेतला होता. मायक्रोस्कोपखाली पिवळ्या सुया, माडाच्या हिरांचा खराटा बांधल्यासारख्या, सगळीकडे एकाच जातीच्या. त्यानं लिहिलं, एकच प्रकारचे क्रिस्टल्स म्हणजे रसात फक्त ग्लुकोज. बोंडूत ग्लुकोज आणि फ्रुक्टोज दोन्ही भरपूर असतात, पण दोघांचे क्रिस्टल्स एकच असल्यामुळे डोळ्याला ते कळणारच नाही, आणि वितळण्याचा बिंदूही, दोनशे पाच अंशांच्या आसपास, तोच येणार.

फरक कळतो तो घड्याळावर. नळी उकळत्या पाण्यात ठेवल्यापासून फ्रुक्टोजचे क्रिस्टल्स साधारण दोन मिनिटांत येतात, ग्लुकोजचे चार-पाच मिनिटांत. मॅनोज तर गरम करायच्या आधीच थंड नळीत पांढरट साका देतो, पण ते ओसाझोन नाही, ते मॅनोजचं हायड्राझोन, पाण्यात फार कमी विरघळतं म्हणून खाली बसतं. वेळ बरोबर यायला माप नीट घ्या, ०.१ ग्रॅम ग्लुकोजला हिशेबानं पाव ग्रॅमच्या जवळपास हायड्रोक्लोराइड लागतं, मी ०.३ घ्यायला सांगते. हातमोजे घाला आणि वास घेऊ नका, फिनाइलहायड्राझिन विषारी आहे, फिशरला स्वतःला त्याचा त्रास झाला होता.

नुसत्या वेळेवर भरवसा नसेल तर शेजारी ब्रोमिन वॉटर करा. बेनेडिक्ट इथे कामाचं नाही, कारण तिथे बेस आहे, फ्रुक्टोजही ईनडायॉल होऊन लाल रंग देऊन टाकतो. ब्रोमिन वॉटरमध्ये बेस नसतो, त्यामुळे ग्लुकोज त्याचा रंग घालवतो आणि फ्रुक्टोज घालवत नाही. त्या मुलानं हे नंतर केलं, आणि रसाच्या दुसऱ्या नळीत सेलिव्हनॉफ केल्यावर लगेच लाल आला, मग त्यानं जर्नलमध्ये दोन्ही साखरा लिहिल्या.