नग गुणिले दर बरोबर किंमत येत नाही, तेव्हा कोणता आकडा चुकला हे कसे ओळखायचे?

प्रश्न: «गोदामातून महिन्याच्या शेवटी स्टॉक स्टेटमेंटचे फोटो येतात. काही पाने छापील, काही हाताने लिहिलेली. मी ते शीटमध्ये उतरवते आणि नग × दर करून किंमत तपासते. १८० ओळींपैकी तीसेक ओळी जुळत नाहीत. काही ठिकाणी फरक अगदी किरकोळ आहे, काही ठिकाणी प्रचंड. अशा वेळी तिघांपैकी कोणता आकडा दुरुस्त करायचा?»

लगेच कोणताही आकडा दुरुस्त करू नका. तीनही रकाने फोटोत जसे दिसतात तसेच ठेवा. गुणाकार, फरक आणि तुमचा अंदाज यांसाठी शेजारी वेगळे रकाने घ्या. मी सुरुवातीला ओळ जुळली नाही की दर बदलून मोकळा होत असे, कारण दराचे आकडे बारीक असतात आणि तेच चुकीचे वाचले असतील असे वाटायचे. पुढच्या महिन्यात तोच दर वेगळा दिसला, तेव्हा कळले की आदल्या महिन्यात नग चुकीचे वाचले होते आणि मी एका बरोबर आकड्याची वाट लावली होती. मूळ वाचन पुसून टाकल्यामुळे मागे जाऊन पाहायलाही काही उरले नव्हते.

आधी किरकोळ फरक बाजूला काढा, म्हणजे तीसपैकी बऱ्याच ओळी निघून जातील. छापील स्टेटमेंटमध्ये दर सहसा सरासरीचा असतो आणि दशांशानंतर दोनच स्थळे छापलेली असतात. समजा नग २,४००, दर १८.३३ आणि किंमत ४४,००० आहे. गुणाकार ४३,९९२ येतो, म्हणजे ८ चा फरक. इथे चूक काहीच नाही. संगणकात खरा दर १८.३३३३… आहे, कागदावर तो तोडून छापलाय. दोन स्थळांपर्यंत छापलेल्या दरात जास्तीत जास्त ०.००५ इतकी तूट किंवा वाढ लपलेली असू शकते. तिला नगांनी गुणले की त्या ओळीत चालणारा फरक मिळतो. इथे तो २,४०० × ०.००५ म्हणजे १२ आहे, त्यामुळे ८ चा फरक त्यात बसतो.

म्हणून सगळ्या ओळींना एकच मर्यादा लावू नका. «१० पर्यंत फरक चालेल» असे ठरवले, तर १२ नगांच्या ओळीत खरी चूक सुटून जाईल आणि ५,००० नगांच्या ओळीत बरोबर आकड्यावर लाल खूण पडेल. मर्यादा नगांबरोबर वाढली पाहिजे. B मध्ये नग, C मध्ये दर आणि D मध्ये किंमत असेल, तर एवढे पुरेल:

```
E2: =B2*C2-D2
F2: =0.005*ABS(B2)+0.005
G2: =IF(ABS(E2)<=F2,"OK","CHECK")
H2: =E2/C2
I2: =E2/B2
```

किंमत पूर्णांकात छापली असेल, तर F2 मधल्या शेवटच्या 0.005 ऐवजी 0.5 घ्या. माल वजनावर असेल आणि वजनही तोडून छापले असेल, तर मर्यादा आणखी थोडी सैल करावी लागते.

आता उरलेल्या ओळी. इथे फरकाच्या आकाराकडेच पाहायचे. H2 मध्ये फरक भागिले दर आहे, म्हणजे चूक नगांत असेल तर ती किती नगांची. I2 मध्ये फरक भागिले नग, म्हणजे चूक दरात असेल तर ती केवढी. एक उदाहरण घ्या. तुम्ही नग ६३ वाचले, दर ४१२.५० आणि किंमत १४,८५०. गुणाकार २५,९८७.५० येतो, फरक ११,१३७.५०. हा आकडा काहीच सांगत नाही, पण त्याला दराने भागले की बरोबर २७ येतात. पूर्णांक आला आणि तोही ९ ने भाग जाणारा, म्हणजे शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल झाली असण्याची दाट शक्यता आहे. ६३ नव्हे, ३६. ताळा करून पाहा: ३६ × ४१२.५० = १४,८५०. किंमत उतरवताना अदलाबदल झाली असेल, तर ९ चा भाग थेट फरकालाच जातो.

फरक ३,००० किंवा ५०० असा, म्हणजे एकच अंक आणि पुढे शून्ये असा आला, तर बहुधा एक अंक चुकीचा वाचला गेला आहे. छापील पानावर इंग्रजी 3 आणि 8, 5 आणि 6 यांत गल्लत होते. हाताने लिहिलेल्या पानावर आपली खास अडचण वेगळी असते. एकच माणूस एकाच पानावर मराठी आणि इंग्रजी अंक मिसळून लिहितो. मग मराठी १ इंग्रजी 9 सारखा दिसतो आणि मराठी ४ इंग्रजी 8 सारखा. त्या माणसाच्या हाताचा १ आणि ४ कसा असतो, हे त्याच पानावरच्या जुळलेल्या ओळींत शोधून ठेवा. त्या ओळींत गुणाकारानेच अंकाची ओळख पटलेली असते.

गुणाकार एकटा निकाल देऊ शकत नाही, असे एक उदाहरण सविस्तर सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचे खरे उत्तर त्यातच आहे. ओळीत नग ३४०, दर ७५, किंमत २८,५००. गुणाकार २५,५००, फरक ३,०००. किंमत २५,५०० असून ५ चा ८ वाचला गेला असेल का? असू शकते. पण फरक भागिले दर केले तर बरोबर ४० येतात, म्हणजे नग ३८० असून 8 ला ४ समजून वाचले गेले, हेही तितकेच शक्य आहे. ३८० × ७५ = २८,५००, हाही ताळा जुळतो. फरक भागिले नग केल्यास ८.८२ असे काहीतरी येते, त्यामुळे दरावरचा संशय बराच कमी होतो. पण नग आणि किंमत या दोघांत निवड गुणाकाराच्या हातात नाही.

निवड करते ती पानाची बेरीज. तुम्ही वाचलेल्या सगळ्या किमती जशाच्या तशा मिळवा. बेरीज पानाखाली लिहिलेल्या आकड्याशी तंतोतंत जुळली, तर २८,५०० बरोबर आहे आणि नग चुकीचे वाचले गेलेत. तुमची बेरीज लिहिलेल्या बेरजेपेक्षा नेमकी ३,००० ने जास्त आली, तर किंमत २५,५०० आहे. पानावर न जुळलेल्या ओळी तीन-चार असतील, तर बेरजेतला फरक त्यांपैकी कोणत्या फरकांचा मिळून बनला आहे ते पाहा. दरासाठी मागच्या महिन्याचे स्टेटमेंट साक्षीला येते. नगांना मात्र असा साक्षीदार सहसा नसतो. वेगवेगळ्या मापांच्या नगांची बेरीज कोणी लिहीत नाही आणि लिहिली तरी तिच्यावर फारसे विसंबता येत नाही.

हे झाल्यावर फोटो मोठा करून पुन्हा पाहा. क्रम हाच ठेवा, आधी हिशेब आणि मग डोळे. अंदाज मनात ठेवून पाहिले की अस्पष्ट अंक हवा तसा दिसू लागतो, म्हणून «इथे ३८० आहे का?» असे न पाहता मधल्या अंकाचे वरचे वेटोळे बंद आहे की उघडे, एवढेच पाहायचे.

प्रचंड फरकांची गोष्ट निराळी आहे. तिथे वजाबाकीपेक्षा भागाकार बोलतो. गुणाकाराला किमतीने भागून पाहा. नग १,७२८, दर ५४०, किंमत ७७,७६०: गुणाकार ९,३३,१२०, आणि भागाकार बरोबर १२. दर डझनाचा आहे, नग सुटे मोजलेत. इथे दुरुस्त करण्यासारखे काही नाही, फक्त माप नोंदवायचे. भागाकार १० किंवा १०० आला, तर दशांशचिन्ह फोटोत हरवले असेल किंवा दर दहाच्या पाकिटाचा, शेकड्याचा असेल. त्याच मालाचा आधीचा दर पाहिल्याशिवाय हे ठरवू नका.

सलग चार-पाच ओळी बिघडल्या असतील, तर अंकांच्या मागे लागूच नका. फोटो तिरका आहे आणि तुमची नजर एका ओळीने घसरली आहे. किंमत भागिले नग करा. नग १२५ आणि किंमत ८,००० असेल तर दर ६४ यायला हवा. तुम्ही तिथे २१५ वाचलाय आणि ६४ वरच्या ओळीत दिसतोय. पुढच्या ओळीत ८० नग, १७,२०० किंमत, म्हणजे दर २१५, तोही एक ओळ वर. दराचा रकाना त्या जागेपासून एक घर खाली सरकवला की सगळ्या ओळी एकदम जुळतात. वहीच्या शिवणीजवळ पान वळलेले असते, तिथे हे हमखास होते.

काही ओळी मात्र बरोबर वाचूनही जुळणार नाहीत, आणि त्या जुळवायच्याही नाहीत. वेगवेगळ्या दरांनी आलेला माल शिल्लक असेल, तर काही ठिकाणी दराच्या रकान्यात शेवटच्या खरेदीचा दर असतो, पण किंमत प्रत्येक खेपेच्या दराने काढलेली असते. खराब किंवा पडून राहिलेल्या मालाची किंमत मुद्दाम कमी धरलेली असते, कारण खरेदीखर्च आणि विकून हाती येणारी रक्कम यांपैकी कमी ती धरायची असा हिशेबाचा नियम आहे. आणि हाताने लिहिलेल्या पानावर लिहिणाऱ्याचाच गुणाकार चुकलेला असू शकतो. तशा ओळीत त्याचा आकडा तसाच ठेवा आणि शेऱ्यात फरक लिहा. ती चूक त्याने त्याच्या कागदावर दुरुस्त करायची आहे, तुम्ही तुमच्या शीटमध्ये नाही.

उलट बाजूही ध्यानात असू द्या. ओळ जुळली म्हणजे माल तेवढा आहे असे नाही. छापील स्टेटमेंटमध्ये किंमत यंत्रानेच गुणून काढलेली असते. मोजणाऱ्याने ५०० ऐवजी ५,००० टाकले तरी गुणाकार चोख जुळतो. हा ताळा तुमचे वाचन तपासतो, गोदाम नाही.

शेवटी ज्या पाच-सात ओळी सुटणार नाहीत, त्यांचे क्रमांक गोदामाला कळवा आणि फक्त तेवढ्याच भागाचा जवळून, सरळ वरून काढलेला फोटो मागा, वरची आणि खालची एकेक ओळ धरून. सोबत प्रश्न विचाराल तो «ओळ १७ मध्ये नग किती आहेत?» असा विचारा. «३८० आहेत ना?» असे विचारले, तर घाईतला माणूस कागद न बघताच हो म्हणतो.