शांतता मोडली की काय होतं?

“लग्नाला अकरा वर्षं झाली. संध्याकाळी आम्ही दोघं एकाच खोलीत तास-तासभर बसतो आणि एक शब्द बोलत नाही. भांडण म्हणावं तर तसंही काही नाही. कधी कधी मला ते छान वाटतं, आणि कधी एकदम धस्स होतं. आम्ही एकमेकांना सरावलोय की एकमेकांतून उठून चाललोय, हे ओळखायचं कसं?”

तुमचं पत्र वाचताना मला माझ्याकडे समुपदेशनाला आलेलं एक जोडपं आठवलं. दोघंही चाळिशीच्या आसपास. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून सांगते. तक्रार बाईंची होती आणि ती थेट नवऱ्याबद्दल होती. “हा बोलतच नाही. मी घरात आहे की नाही, याला फरक पडतो का तेच कळत नाही.” तो शेजारी बसून ऐकत होता. मग शांतपणे म्हणाला, “मला तर वाटत होतं आपलं बरं चाललंय.”

असं ऐकलं की पहिल्यांदा त्याचाच राग येतो. पण तो खोटं बोलत नव्हता. जी शांतता हिला टोचत होती, त्याच शांततेत तो निवांत होता. किती तास गप्प बसता हे मी त्यांना विचारलंच नाही, कारण त्या आकड्यावरून काहीच कळत नाही. मी विचारलं, “तुमच्यापैकी कुणी मध्येच काही बोललं, तर पुढे काय होतं?” दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. दोघांनाही नीट सांगता येईना.

याच प्रश्नावर जॉन गॉटमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने मोठं काम केलंय. वॉशिंग्टन विद्यापीठात त्याने घरासारखी एक जागा उभारली, तिथे जोडप्यांना राहायला बोलावलं आणि त्यांच्या साध्या वागण्याचं चित्रीकरण केलं. भांडणांइतकंच त्याने बारीकसारीक हाकांकडे लक्ष दिलं. “हे बघ, काय लिहिलंय,” “बाहेर आभाळ आलंय,” नुसता एक उसासा, खांद्यावर ठेवलेला हात, या सगळ्या हाकाच. समोरचा तिकडे वळतो, दुर्लक्ष करतो की खेकसतो, एवढंच मोजायचं. 6 वर्षांनी त्या नवविवाहित जोडप्यांकडे पुन्हा पाहिलं, तेव्हा ज्यांचा संसार टिकला होता ती जोडपी सुरुवातीला सरासरी 86 टक्के हाकांकडे वळत होती. ज्यांचा मोडला होता त्यांच्यात हे प्रमाण 33 टक्के होतं. ही सरासरी आहे, तिच्यावरून आपल्या घराची कुंडली मांडू नये. पण पाहायचं कुठे, हे मात्र त्यातून कळतं.

त्याच बैठकीत एक गोष्ट घडली. बोलता बोलता बाईंच्या डोळ्यांवर खिडकीतलं ऊन आलं. त्यांनी कपाळावर हात धरला आणि बोलत राहिल्या. तो उठला, पडदा ओढला आणि परत येऊन बसला. एक शब्द नाही. बाईंचं वाक्यही मध्ये तुटलं नाही. मी थांबवून विचारलं, “आत्ता यांनी काय केलं?” त्यांनी आधी माझ्याकडे, मग खिडकीकडे पाहिलं. “हे तो नेहमीच करतो,” त्या म्हणाल्या. त्यांच्या हिशेबात शब्दांनाच किंमत होती, पडद्याला नव्हती.

मग दोघांना एक आठवडा नोंद ठेवायला सांगितली. दोघांची वेगळी, पण एकमेकांना माहीत असलेली. हे मी मुद्दाम सांगते, कारण बरेच जण इथे घोळ घालतात. मनात परीक्षा मांडायची, “बघू या, आज मी गप्प राहिले तर हा विचारतो का,” आणि त्याने विचारलं नाही की त्याला नापास करायचं. ज्याला पेपर असल्याचाच पत्ता नाही, त्याच्या गुणांना काय अर्थ? नोंद साधी होती. शांतता कुणी मोडली, काय म्हणून, आणि समोरून काय आलं. शब्द, नजर, हुंकार, कृती, की काहीच नाही.

वह्या आल्या. पाच दिवसांचं चित्र चांगलं होतं. ती काही बोलली की तो मान वर करत होता. कधी ‘हं’ म्हणून परत वाचनात शिरत होता, पण थोड्या वेळाने तोच विषय आपणहून काढत होता. तोही तिला मोबाईलवरचं काहीबाही दाखवत होता. उठून जाताना एकमेकांना सांगितलं जात होतं. या पाच दिवसांतल्या शांततेला दार होतं. वाटलं तेव्हा आत-बाहेर करता येत होतं आणि शब्द उच्चारताना कुणाला मनात तोलावा लागत नव्हता. निवांत शांतता ती हीच.

उरलेल्या दोन दिवसांच्या नोंदींचा नूरच वेगळा होता. ‘जेवायचं का विचारलं. हो म्हणाला.’ ‘खोलीत गेले, तो उठून बाहेर गेला.’ ‘झोपायला उशिरा आला, मी जागी होते, बोलले नाही.’ आणि त्याच्या वहीत, त्याच रात्री: ‘ती जागी होती. मीपण बोललो नाही.’ त्या दिवशी काय झालं होतं? त्याच्या भावाचा फोन आला होता.

तीन वर्षांपूर्वी त्याने साठवलेल्या पैशांतला मोठा हिस्सा हिला न विचारता भावाला दिला होता. तेव्हा खूप वाजलं. ती विचारत राहिली, तो गप्प होत गेला. तो गप्प म्हणून हिचा आवाज चढला, आवाज चढला म्हणून तो आणखी मिटला. एकाने मागे लागायचं आणि दुसऱ्याने माघार घ्यायची, ही जोडप्यांमधली फार ओळखीची साखळी आहे. मग काही महिन्यांनी तिने विचारणंच सोडलं. त्याला वाटलं, वादळ शमलं. तिच्या तोंडून मात्र वेगळं वाक्य आलं, “विचारलं की बिनसतं. त्यापेक्षा नकोच.”

आल्यापासून ती त्याच्या गप्प बसण्याबद्दल बोलत होती, पण त्या विषयापुरती तीही कधीच निघून गेली होती. तक्रार करणारं माणूस तक्रार थांबवतं तेव्हा घर एकदम शांत होतं, आणि ही शांतता फसवी असू शकते. जो भांडतो त्याला निदान काही बदलेल अशी आशा असते. म्हणून मी जोडप्यांना हेही विचारते, “असा कुठला विषय आहे का, ज्याच्या आसपास आलात की दोघंही वळसा घालता?” शांतता साऱ्या घरात पसरलेली आहे की एकाच विषयाभोवती दाटते, यावर बरंच ठरतं. या दोघांकडे दोन्ही प्रकारच्या शांतता एकाच छपराखाली नांदत होत्या. एकीची भीती दुसरीलाही लागली होती, म्हणून बाईंना सगळाच गप्पपणा वाईट वाटायला लागला होता.

पुढच्या बैठकीत भावाचा विषय मुद्दाम काढला. त्याचा चेहरा कोरा झाला, नजर जमिनीवर गेली, जबडा आवळला. ती म्हणाली, “बघा, हेच. याला काही वाटतच नाही.” मी त्याला मनगटावर स्वतःची नाडी मोजायला सांगितली. 15 सेकंदांत 27 ठोके. म्हणजे मिनिटाला 108, तेही खुर्चीत नुसतं बसून. ती त्या आकड्याकडे बघतच राहिली. शरीर असं उसळलेलं असताना माणसाला नीट ऐकूच येत नाही, उत्तर सुचणं दूरच. बसल्या जागी ठोके शंभरावर गेले की चर्चा थांबवलेली बरी, एवढा ढोबळ संकेत आम्ही पाळतो. ज्याची नाडी एरवीच वेगाने चालते त्याला हा आकडा लागू नाही.

मात्र आतून उसळतंय म्हणून गप्प बसायला कायमची सूट मिळत नाही. त्यांना नियम दिला. ज्याला थांबायचंय त्याने तसं तोंडाने सांगायचं, परत कधी बोलणार ती वेळ सांगायची, आणि त्या वेळी त्यानेच विषय उघडायचा. मध्ये निदान 20 मिनिटं जाऊ द्यायची, कारण शरीर निवायला तेवढा वेळ लागतोच. त्या वेळात मनातल्या मनात पुढचे मुद्दे घोटत बसायचं नाही, नाहीतर ठोके उतरत नाहीत.

पहिल्यांदा हे फसलं. “जरा थांबू या,” म्हणून तो आत गेला आणि झोपला. ती बाहेर बसून राहिली. तिच्या लेखी हा जुनाच प्रकार होता, फक्त आता समुपदेशकाच्या परवानगीने! पुढच्या खेपेला त्याने वेळ सांगितली, साडेनऊ. साडेनऊला तो येऊन बसला आणि म्हणाला, “भावाने पुन्हा पैसे मागितलेत. मी अजून काही बोललो नाहीये.” तिने नंतर मला सांगितलं, की पैशांच्या बातमीपेक्षा तो आपणहून आला याचाच धक्का मोठा होता. ते पैसे अजून परत आलेले नाहीत आणि तिचा राग पुरता गेलेला नाही. पण दोघांनी मिळून ‘आता नाही’ असं भावाला कळवलं, आणि फोन आल्यावरचे ते मुके दोन दिवस एका रात्रीवर आले.

तुमच्याकडे वळण्याआधी दोन अपवाद सांगते, कारण तिथे ही नोंदवही चालत नाही. जोडीदार फक्त तुमच्याशीच नाही तर सगळ्यांशीच गप्प झाला असेल, आवडीच्या गोष्टीही नकोशा झाल्या असतील, झोप-भूक बिघडली असेल आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल, तर ते नैराश्य असू शकतं. आधी डॉक्टर गाठावा. आणि तुम्ही गप्प बसता ते बोललात तर काय होईल या धास्तीने, किंवा तुम्ही माफी मागेपर्यंत अबोला धरून तुम्हाला नमवलं जातं, तर जोडीने समुपदेशनाला येऊ नका. आधी एकट्या या.

तुमच्या पत्रात यातलं काही दिसत नाही. ‘छान वाटतं’ हेही तुम्हीच लिहिलंय. तेच त्यांना सांगून सुरुवात करा, आणि धस्स होतं तेही त्याच दमात सांगा. “आपण असे बसतो ते मला आवडतं. पण मध्येच भीती वाटते की तू माझ्यावर नाराज आहेस. आहेस का?” ‘तू कधी बोलतच नाहीस’ने सुरुवात केलीत तर समोरचा बचावाला उभा राहील, आणि तुम्हाला हवं ते कळणारच नाही. उत्तर लगेच आलं नाही तर थांबा. कमी बोलणाऱ्या माणसाला वाक्य जुळवायला वेळ लागतो. त्या रात्री नाही तर दुसऱ्या दिवशी त्यांनी तो विषय आपणहून काढला, तरी ते वळणंच. तिसऱ्या-चौथ्या वेळेलाही नुसतं ‘काही नाही’ येऊन ते उठून गेले, तर मात्र तो वळसा कुठल्या विषयाला आहे ते शोधायला दोघं मिळून या.