आयन थ्रस्टर : जोर कमी, तरी कार्यक्षम?

प्रश्न : अवकाशयानाच्या आयन थ्रस्टर या इंजिनाबद्दल वाचताना ‘जोर कमी, कार्यक्षमता जास्त’ असं सगळीकडे दिसतं. ज्यात जोरच नाही त्याला कार्यक्षम कसं म्हणायचं? आणि मग लांबच्या यानांना तेच का बसवतात?

उत्तर : इथे ‘कार्यक्षमता’ म्हणजे एक किलो इंधनातून यानाला किती वेग मिळतो, त्याचा हिशोब. मला तरी या अर्थाने ‘काटकसरी’ हा शब्द जास्त पटतो, कारण ‘कार्यक्षम’ म्हटलं की ताकद डोळ्यांपुढे येते.

काटकसर येते ती बाहेर पडणाऱ्या वायूच्या वेगातून. रासायनिक इंजिनातून वायू साधारण सेकंदाला ३ ते ४ किलोमीटर वेगाने निघतो. आयन थ्रस्टर झेनॉन वायूच्या अणूंना विद्युतभारित करतो आणि उच्च दाबाच्या विजेने जाळीतून सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने बाहेर फेकतो. वेग दहापट, म्हणून तेवढाच परिणाम साधायला वायू दहावा हिस्सा पुरतो.

जोर कमी पडतो तोही याच वेगामुळे. बाहेर फेकण्याचा वेग दहापट केला, तर तेवढ्याच जोरासाठी वीज दहापट लागते. यानावर वीज मोजकीच असते, त्यामुळे वायू अगदी थोडा थोडाच सोडावा लागतो. म्हणजे तुमच्या वाक्यातले दोन्ही भाग एकाच कारणातून आलेले आहेत.

‘नासा’चं २००७ साली निघालेलं ‘डॉन’ यान घ्या. त्याच्या थ्रस्टरचा जास्तीत जास्त जोर ०.०९ न्यूटन, म्हणजे तळहातावर ठेवलेल्या कागदाचा भार जाणवतो तेवढा. सव्वा टनाच्या यानाचा वेग त्याने दिवसभरात ताशी जेमतेम २३ किलोमीटरने वाढायचा. पण थ्रस्टर एकूण जवळजवळ सहा वर्षं चालला आणि यानाला सेकंदाला ११ किलोमीटरहून जास्त वेगबदल मिळाला. त्यासाठी टाकीत होता ४२५ किलो झेनॉन. रासायनिक इंजिनाने हेच करायचं, तर इंधन वीस टनांच्या वर गेलं असतं. म्हणूनच डॉन आधी व्हेस्टा या लघुग्रहाभोवती फिरलं, तिथून निघालं आणि २०१५ मध्ये सेरेस या बटुग्रहाच्या कक्षेत शिरलं.

अवकाशात हे चालतं, कारण तिथे हवेचा अडथळा नाही आणि महिनोन् महिने रेटत राहायला सवड असते. पृथ्वीवरून उचलायला मात्र रासायनिक रॉकेटच लागतं, कारण जोर वजनापेक्षा कमी असेल तर यान जागचं हलतही नाही.

सूर्यापासून लांब गेल्यावर आणखी एक अडचण येते. डॉनच्या सौरपंखांना पृथ्वीजवळ सुमारे १० किलोवॅट वीज मिळे, सेरेसपाशी जेमतेम १.३. थ्रस्टरला पूर्ण जोरासाठी अडीच किलोवॅट लागायची, म्हणून तिथे तो मंद करूनच चालवावा लागला.